मशीनवर एक स्पिंडल, पुस्तकात दोन

भोसरी एमआयडीसीत गुरुवारी सुट्टी असते. रस्त्यावर टेम्पो नसतात, चहाच्या टपरीवर गर्दी नसते आणि वर्कशॉपचं शटर अर्धंच वर असतं. हिशेब बघायला हा दिवस सगळ्यात चांगला. इतर दिवशी मालक तुमच्यासमोर बसले तरी त्यांचा एक कान मशीनच्या आवाजाकडे असतो.

एप्रिल २०२४ मधला असाच एक गुरुवार. चार मशीनचं वर्कशॉप, कंपनी प्रायव्हेट लिमिटेड, काम एका पाळीचं. मालक पूर्वी एका मोठ्या कारखान्यात ऑपरेटर होते. मायक्रॉनमध्ये बोलणारा माणूस, पण ताळेबंद समोर ठेवला की चष्मा काढून पुसायला घेतो. त्या दिवशी मात्र त्यांनीच विषय काढला. "साहेब, वर्षाचा नफा साडेनऊ लाख तरी दिसायला हवा होता. मॅडमनी काढलेल्या आकड्यात तीन लाखही नाहीत. गेले कुठे?"

गेले होते ते दोन बिलांत. पहिलं मशीनच्या एएमसीचं, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचं, १,८०,००० रुपये. दुसरं व्हीएमसी मशीनच्या नव्या स्पिंडलचं, ४,८०,००० रुपये. जीएसटी वेगळा, पण तो परत मिळणारा असल्यामुळे तो खर्चात धरायचा नाही. अकाउंट्स बघणाऱ्या मॅडमनी दोन्ही बिलं 'रिपेअर्स अँड मेंटेनन्स'मध्ये टाकली होती. एका खात्यावर ६,६०,००० रुपये.

मालकांचा उपाय तयार होता. "दोन्ही मशीनच्या खात्याला लावा. पैसे मशीनवरच गेलेत ना?" कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणाची फाइल बँकेत द्यायची होती, त्यामुळे त्यांचा आग्रह मला कळत होता. पण मॅडमचं जेवढं चूक होतं तेवढंच मालकांचंही चूक होतं. शिवाय एएमसी चुकण्याचं कारण वेगळं आणि स्पिंडल चुकण्याचं कारण वेगळं.

एएमसी आधी घेऊ, ते सोपं आहे.

या वर्कशॉपनं एएमसी पहिल्यांदाच घेतलं होतं. त्याआधी मशीन बंद पडलं की फोन करायचा, इंजिनिअर यायचा आणि त्या फेरीचे पैसे घेऊन जायचा. आता चार मशीनसाठी करार झाला होता. वर्षात चार ठरलेल्या तपासणी भेटी आणि मध्ये काही बिघडलं तर लागतील तेवढ्या फेऱ्या. सुटे भाग मात्र वेगळे. बाजारात याला 'लेबर एएमसी' म्हणतात. 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' एएमसी महाग असतं, त्यात भागही येतात. अर्थात तिथंही बारीक अक्षरातली वगळणुकीची यादी वाचावी लागते, कारण स्पिंडल, बॉलस्क्रू आणि डिस्प्ले अशा महागड्या वस्तू बहुतेक त्या यादीतच सापडतात.

बिलावर तारीख १८ ऑक्टोबर २०२३ होती. पैसे २७ तारखेला गेले. करारात लिहिलेली मुदत १ नोव्हेंबर २०२३ ते ३१ ऑक्टोबर २०२४. मॅडमनी बिलाच्या तारखेला व्हाउचर टाकलं आणि सगळी रक्कम खर्च दाखवली. हिशेबाच्या दृष्टीनं या तीन तारखांपैकी फक्त तिसरी महत्त्वाची. बिल कधी आलं यावरून देणं कधी झालं ते कळतं. पैसे कधी गेले यावरून बँकेतली शिल्लक कळते. खर्च मात्र सेवा जशी मिळत जाईल तसा होतो. बारा महिन्यांचे १,८०,००० म्हणजे महिन्याला १५,०००. नोव्हेंबर ते मार्च असे पाच महिने सेवा मिळाली, तेवढे ७५,००० या वर्षाचा खर्च. उरलेले १,०५,००० रुपये ३१ मार्चला खर्च झालेलेच नव्हते. मशीन दुरुस्त करणाऱ्याकडे कंपनीची सात महिन्यांची सेवा जमा होती. ताळेबंदात ती आगाऊ दिलेला खर्च म्हणून मालमत्तेच्या बाजूला बसते. अकरावीच्या पुस्तकात हाच 'पूर्वदत्त खर्च' म्हणून शिकवतात आणि विम्याच्या हप्त्याचं तेच ते उदाहरण देतात.

यावर मालकांनी एक प्रश्न विचारला, जो मला परीक्षेतही कोणी विचारला नव्हता. "चार भेटी ठरल्यात. डिसेंबरला एक झाली, मार्चला दुसरी झाली. म्हणजे निम्मं काम झालं. मग ९०,००० का नाही?"

प्रश्न योग्य आहे. करार नुसता चार भेटींचा असता, प्रत्येक भेटीचे ४५,००० असते आणि बाकी काहीच नसतं, तर त्यांचं म्हणणं बरोबर ठरलं असतं. पण या करारातला मोठा हिस्सा भेटींचा नव्हता. रात्री अकराला मशीनवर अलार्म आला तर पलीकडे कोणी तरी फोन उचलेल आणि उद्या सकाळी माणूस येईल, याचे ते पैसे होते. ही तयारी पुरवठादार रोज ठेवतो, अलार्म येवो न येवो. म्हणून खर्च दिवसांच्या हिशेबानं वाटायचा. जानेवारीत तीनदा इंजिनिअर आला आणि फेब्रुवारीत एकदाही आला नाही, तरी दोन्ही महिन्यांना १५,०००च.

जर्नल एंट्री एका ओळीची असते. पुढच्या वर्षी मात्र तीच विसरली जाते. १ एप्रिलला हे १,०५,००० नव्या वर्षाच्या खर्चात हळूहळू उतरवायचे असतात. बऱ्याच छोट्या कंपन्यांत मार्चमध्ये रक्कम बाजूला काढतात आणि नंतर कोणी त्या खात्याकडे फिरकत नाही. मी नव्या ठिकाणी गेलो की 'प्रीपेड' खात्याची शिल्लक आधी उघडतो. त्यात तीन वर्षांपूर्वीच्या एएमसीचे पैसे तसेच पडलेले दिसले, की पुढची फाइल जपून वाचायची. संपलेल्या कराराची मालमत्ता ताळेबंदात बसली आहे, म्हणजे त्या वर्षांचा नफा तेवढा फुगलेला होता.

आणखी दोन ठिकाणी पाय घसरतो. पुरवठादार सवलत देतो म्हणून तीन वर्षांचं एएमसी एकदम भरतात. तेव्हा ३१ मार्चनंतरच्या बारा महिन्यांत वापरला जाणारा भाग चालू मालमत्तेत आणि त्यापलीकडचा बिगरचालू मालमत्तेत दाखवायचा. बँकेचा माणूस चालू मालमत्तेवर डोळा ठेवून बसलेला असतो, त्यामुळे हा फरक नुसता कागदी नाही. दुसरं म्हणजे नवं मशीन घेताना "तीन वर्षांच्या एएमसीसह" असा एकच भाव मिळतो. तिथं एएमसीची किंमत मशीनच्या किमतीतून वेगळी काढायला हवी. देखभाल हा मशीनचा भाग नाही, तिच्यावर पंधरा वर्षं घसारा काढत बसणं चुकीचं. त्यात पहिलं वर्ष वॉरंटीचं असेल आणि एएमसी त्यानंतर सुरू होणार असेल, तर ती रक्कम वर्षभर हलतसुद्धा नाही.

आता स्पिंडल.

ज्यांनी व्हीएमसी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हे मशीन म्हणजे मोठ्या कपाटात बसवलेलं ड्रिलिंग-मिलिंगचं यंत्र, संगणकाच्या आज्ञेवर चालणारं. टूल ज्यात बसून गरगर फिरतं तो उभा दंडगोल म्हणजे स्पिंडल. त्याच्या आत अतिशय अचूक बेअरिंगं असतात आणि खालच्या तोंडाशी शंकूच्या आकाराचा खोबणा असतो, त्याला टेपर म्हणतात. टूलहोल्डर त्या टेपरमध्ये घट्ट बसतो. टेपर झिजला किंवा बेअरिंग ढिलं झालं, की टूलचं टोक फिरताना डोलायला लागतं. हे डोलणं मोजायला टेपरमध्ये टेस्ट मँड्रेल बसवतात, त्याला डायल लावतात आणि स्पिंडल हातानं फिरवतात. या मशीनवर काटा ३० मायक्रॉन हलत होता. भोक गोल येईना, माल परत यायला लागला. त्यात एक दिवस टूल धडकलं आणि निर्णय आपोआपच झाला. १ ऑक्टोबर २०२३ ला नवा स्पिंडल बसला.

मॅडमचं म्हणणं असं, की मशीन पूर्वीसारखं चालायला लागलं, वेग वाढला नाही की क्षमता वाढली नाही, म्हणजे ही दुरुस्ती. पूर्वी हिशेबाचे वर्ग असंच शिकवायचे. क्षमता वाढली तर भांडवली, नाहीतर महसुली. पण कंपन्यांना लागू असलेलं लेखामानक १० सुधारून आलं, ते १ एप्रिल २०१६ नंतर सुरू होणाऱ्या वर्षांपासून लागू झालं, आणि त्यात प्रश्नच बदलला. आता विचारायचं एवढंच, की या वस्तूचा उपयोग कंपनीला पुढे होणार आहे का आणि तिची किंमत नीट मोजता येते का. मशीनचे काही भाग ठरावीक काळानं बदलावे लागतात, हे मानकातच धरलेलं आहे. असा भाग बदलला की नव्याची किंमत मालमत्तेत घ्यायची. रोजच्या देखभालीचे पैसे, म्हणजे मजुरी, तेल, ग्रीस आणि किरकोळ भाग, हे मात्र खर्चातच जातात.

मालकांना हे ऐकून बरं वाटलं. "म्हणजे मी म्हणत होतो तेच. ४,८०,००० मशीनला लावा."

लावायचे, पण तेवढ्यावर थांबायचं नाही. ज्या वाक्यात मानक नवा भाग मालमत्तेत घ्या म्हणतं, त्याच्या पाठोपाठ जुना भाग काढून टाका असंही म्हणतं. हे दुसरं वाक्य वाचायचा कंटाळा इतका सार्वत्रिक आहे, की माझ्या पाहण्यातल्या निम्म्या मालमत्ता नोंदवह्यांत मशीनला दोन स्पिंडल सापडतील. एक २०१८ मध्ये मशीनबरोबर आलेला, मशीनच्या किमतीत दडलेला. दुसरा आत्ता घेतलेला. मशीनवर मात्र एकच आहे.

मग जुना काढायचा कितीला? व्हीएमसी १ ऑक्टोबर २०१८ ला ४५,००,००० रुपयांना घेतलेलं. कंपनी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीप्रमाणे साधारण यंत्रसामग्रीचं आयुष्य १५ वर्षं. आम्ही शेवटची भंगार किंमत शून्य धरून सरळ रेषेनं घसारा काढतो, म्हणजे वर्षाला ३,००,०००. पण मशीनचं बिल एकरकमी होतं, त्यात स्पिंडल किती रुपयांचा हे लिहिलेलं नव्हतं. कायद्याचा आग्रह असा, की एखादा भाग मोठ्या किमतीचा असेल आणि त्याचं आयुष्य बाकी मशीनपेक्षा वेगळं असेल, तर पहिल्याच दिवशी तो वेगळा मांडा. कोण मांडतंय? मशीन येतं त्या दिवशी पेढे वाटायचे असतात.

मानकानं यावर वाट ठेवली आहे. जुन्याची किंमत शोधणं शक्य नसेल तर नव्याच्या किमतीवरून अंदाज करा. नवा ४,८०,०००. मालकांकडे २०१९ मधलं याच स्पिंडलचं एक जुनं कोटेशन सापडलं, त्यावरून २०१८ ला तो ४,५०,००० चा होता असं धरलं. पंधरा वर्षांच्या हिशेबानं त्यावर वर्षाला ३०,००० घसारा, पाच वर्षांत १,५०,०००. म्हणजे स्पिंडल मशीनवरून उतरला त्या दिवशी पुस्तकात तो अजून ३,००,००० रुपयांचा होता. ही रक्कम याच वर्षी तोटा म्हणून नफा-तोटा पत्रकात आली.

मालक थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "खर्च नाही म्हणालात, आणि तीन लाख घेतलेतच की."

घेतले, आणि ते घेण्यामागे कारणही होतं. स्पिंडल पाच वर्षांत झिजणार होता आणि आपण तो पंधरा वर्षं चालेल असं धरून दरवर्षी कमी घसारा लावत आलो. त्या पाच वर्षांत नफा थोडा थोडा जास्त दिसत गेला. ती बाकी आता एकदम वसूल झाली. म्हणून नवा स्पिंडल आम्ही वेगळा मांडला. जुना पाच वर्षं टिकला, पण त्यात शेवटची धडक होती, हे धरून नव्याला सहा वर्षं दिली. वर्षाला ८०,०००, या वर्षी सहा महिन्यांचे ४०,०००. आणि जुना गेल्यामुळे उरलेल्या मशीनचा वार्षिक घसारा ३,००,००० वरून २,७०,००० वर आला, तो बहुतेकजण कमी करायला विसरतात.

इथं मालकांचा प्रश्न आला, जो प्रत्येक वर्कशॉपमध्ये येतो. "साहेब, किती रुपयांच्या वर मशीनला लावायचं आणि किती रुपयांच्या खाली खर्चाला? एकदाच सांगून टाका."

मानकात असा रुपयांचा आकडा नाही. कंपन्या सोयीसाठी आपापली मर्यादा ठरवतात, त्याला हरकत नसते. पण महाग म्हणजे मालमत्ता, हे समीकरण मुळातच खोटं आहे. याच वर्कशॉपमध्ये वर्षाला कार्बाइड इन्सर्ट स्पिंडलपेक्षा जास्त रुपयांचे लागतात. नखाएवढे त्रिकोणी-चौकोनी तुकडे, दहा-दहाच्या डबीत येतात. एक कोपरा झिजला की फिरवायचा, सगळे कोपरे संपले की भंगारात. ते सरळ खर्च आहेत, कारण एकही तुकडा वर्षभर टिकत नाही. कपाटात शिल्लक असतील तेवढे ३१ मार्चला मोजून साठ्यात दाखवायचे, बस. भाव कितीही असो, बघायचं हे, की वस्तू बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ वापरात राहणार आहे का.

ही कसोटी कशी चालते ते कपाटातल्या तिसऱ्या वस्तूवर जास्त कळलं. मागच्या वर्षी याच व्हीएमसीचा ड्राइव्ह जळाला होता. ड्राइव्ह म्हणजे सर्व्हो मोटरला वीज मापून देणारा इलेक्ट्रॉनिक डबा. तो यायला अकरा दिवस लागले आणि मशीन अकरा दिवस उभं राहिलं. म्हणून मालकांनी जानेवारी २०२४ च्या पहिल्या तारखेला एक जादा ड्राइव्ह घेऊन ठेवला, २,३४,००० रुपयांचा. मॅडमनी तो इन्सर्टच्या शेजारी, साठ्यात धरला होता. कपाट एकच असल्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे.

पण इन्सर्ट संपायला आणलेले असतात. ड्राइव्ह संपत नाही, तो मशीनवर चढला तर वर्षानुवर्षं चालतो, आणि चढला नाही तरी त्याचं कपाटात असणं हेच त्याचं काम आहे. गाडीची स्टेपनी जशी. म्हणून तो यंत्रसामग्रीतच जातो, आणि त्याच्यावर घसारा सुरू होतो तो घेतल्या दिवसापासून, मशीनवर चढल्या दिवसापासून नव्हे. हे ऐकून ऑपरेटर मामा हसले. "खोक्यातून काढलाच नाही, झिजेल कसा?" पण इलेक्ट्रॉनिक वस्तू खोक्यातही म्हातारी होते. ड्राइव्हमधले कपॅसिटर वर्षानुवर्षं वीज न मिळता पडून राहिले की कमकुवत होतात. शिवाय हा ड्राइव्ह बाकीच्या तीन मशीनना बसत नाही. व्हीएमसीचं आयुष्य सप्टेंबर २०३३ ला संपतंय असं पुस्तक म्हणतं, तर ड्राइव्हचंही तिथंच संपायला हवं. जानेवारी २०२४ पासून मोजले तर ११७ महिने, म्हणजे महिन्याला २,०००. या वर्षी तीन महिन्यांचे ६,०००.

एका ओळखीच्या कारखान्यात उलटा प्रकार पाहिला होता. मशीन चार वर्षांपूर्वी विकलेलं, आणि त्याची जादा मोटर स्टोअरमध्ये तशीच, पुस्तकात पूर्ण किमतीला. स्टोअरकीपरला विचारलं तर म्हणाला, "कधी लागेल सांगता येत नाही." ज्या मशीनला लागणार होती ते तिथं नव्हतंच.

आयकराचं गणित मात्र या सगळ्यापासून वेगळं चालतं, आणि तिथं मालकांना थोडा दिलासा होता. हे प्रकरण २०२३-२४ चं, म्हणून १९६१ चा कायदा. त्याचं कलम ३१ यंत्राच्या 'चालू दुरुस्ती'चा खर्च त्याच वर्षी वजा करू देतं, भांडवली स्वरूपाचा खर्च मात्र नाही. चालू दुरुस्ती कशाला म्हणायचं, याची अजूनही वापरात असलेली कसोटी आपल्या मुंबई उच्च न्यायालयानं १९५६ मध्ये न्यू शोरॉक स्पिनिंग मिलच्या खटल्यात घालून दिली. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला होते. आहे ती मालमत्ता टिकवायला केलेला खर्च असेल तर दुरुस्ती, नवी मालमत्ता किंवा नवा फायदा उभा राहिला तर नाही, असा त्याचा आशय. पुढे २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरवणा स्पिनिंग मिल्सच्या प्रकरणात एक रेघ ओढली. गिरणीनं जुनी रिंगफ्रेम काढून नवी बसवली होती आणि संपूर्ण गिरणी हेच एक मशीन, फ्रेम हा त्याचा भाग, असं म्हणणं मांडलं होतं. न्यायालयानं ते मानलं नाही. प्रत्येक फ्रेम हे स्वतंत्र मशीन, आणि अख्खं मशीन बदललं तर ती चालू दुरुस्ती नव्हे.

आमचा स्पिंडल एकटा काही कापू शकत नाही. तो व्हीएमसीचा भाग आहे, आणि व्हीएमसी तेच राहिलं. त्यामुळे करासाठी ४,८०,००० चालू दुरुस्ती म्हणून मागायला आधार चांगला होता, आणि आम्ही तसं मागितलं. पुस्तकात मालमत्ता आणि करात खर्च, असं दोन्ही एकाच वेळी असू शकतं. या फरकाची नोंद लांबणीवर पडलेल्या कराच्या खात्यात ठेवावी लागते. अधिकाऱ्यानं मान्य केलं नाही तर स्पिंडल यंत्रसामग्रीच्या गटात जाईल आणि १५ टक्के घसारा मिळेल. तो पूर्ण मिळण्यासाठी वर्षात निदान १८० दिवस वापर लागतो, नाहीतर निम्मा. १ ऑक्टोबर ते ३१ मार्च, त्या वर्षी फेब्रुवारी २९ दिवसांचा, एकूण १८३ दिवस. मालकांनी हे मुद्दाम साधलं नव्हतं, स्पिंडलच त्या दिवशी आला होता. ड्राइव्हला मात्र निम्माच मिळणार.

सगळं जमवून झाल्यावर त्या वर्षाच्या नफ्यातून एएमसीचे ७५,०००, जुन्या स्पिंडलचा तोटा, नव्याचे ४०,००० आणि ड्राइव्हचे ६,००० गेले, आणि जुन्या स्पिंडलचा न लागलेला सहा महिन्यांचा घसारा १५,००० परत आला. साडेनऊ लाखांचे साडेपाच लाखांच्या आसपास झाले. मालकांना हवे होते त्यापेक्षा कमी, मॅडमनी दाखवले होते त्यापेक्षा बरेच जास्त.

एकच गोष्ट राहिली होती. जुना स्पिंडल मी पुस्तकातून काढला तेव्हा मालक म्हणाले होते, "थांबा, तो फेकायचा नाही. बेअरिंग टाकून घेतो आणि ड्राइव्हसारखाच स्टँडबाय ठेवतो." तसं असेल तर त्याला शून्य करता येत नाही. उपयोगात येणारी वस्तू कपाटात आहे, मग ती पुस्तकातही राहायला हवी, तिच्या खऱ्या किमतीला. म्हणून त्या गुरुवारी आम्ही कोपऱ्यात जाऊन तो पाहिला. तेलकट कागदात गुंडाळलेला, दोघांनी धरावा लागला. मालकांनी कागद सोडला, टेपरमध्ये बोट घालून फिरवलं आणि माझं बोट धरून मलाही फिरवायला लावलं. आत एका बाजूला खरखरीत लागत होतं. धडकेत टेपरला ओरखडे पडले होते आणि त्यावर गंज धरला होता. रिकंडिशनिंगवाल्याचं कोटेशन त्यांच्या फोनमध्ये होतं. शाफ्ट ग्राइंड करून नवी बेअरिंगं टाकायला ३,१०,०००, अचूकतेची हमी नाही.

त्यांनी कागद परत गुंडाळला. पुढच्या आठवड्यात भंगारवाल्यानं तो ६० किलो भरला, ४० रुपये भावानं २,४०० दिले. मॅडमनी पावती फाइलला लावली आणि तोटा तीन लाखांऐवजी २,९७,६०० केला.